धुऊनही न जाणारा वास

२०२१ साली जपानच्या ग्राहक व्यवहार खात्यानं शिक्षण, आरोग्य, उद्योग आणि पर्यावरण या चार मंत्रालयांना सोबत घेऊन एक पोस्टर काढलं. विषय होता कपड्यांचा सुवास. तुम्हाला आवडणाऱ्या वासानं दुसऱ्या कुणाला त्रास होत असेल, तेव्हा जरा जपून वापरा, एवढाच त्याचा आशय. एका देशाच्या पाच सरकारी खात्यांना धुतलेल्या कपड्यांच्या वासाबद्दल बोलावं लागलं, त्यामागे पंधराएक वर्षांची गोष्ट होती. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेतून येणारे उग्र सुवासाचे फॅब्रिक सॉफ्टनर जपानमध्ये लोकप्रिय झाले. तोवर सौम्य वासाची सवय असलेल्या तिथल्या कंपन्यांनीही मग तीच वाट धरली. पाठोपाठ ग्राहक केंद्रांकडे तक्रारी येऊ लागल्या. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घातले की खिडकी उघडता येत नाही, डोकं दुखतं, मळमळतं, अशा त्या तक्रारी होत्या. २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय ग्राहक केंद्राला या विषयावर जाहीर निवेदन काढावं लागलं.

आपल्याकडे या विषयावर अजून कुणी पोस्टर काढलेलं नाही. पण किराणा दुकानातल्या डिटर्जंटच्या फळीपासून जाताना नाक आपोआप आक्रसणारी माणसं इथेही आहेत. दम्याचा पंप खिशात ठेवणारी मुलं आहेत, इसबानं कोपराची घडी सोललेली बाळं आहेत, उग्र वासानं अर्धशिशी उठणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या घरच्यांना दोन गोष्टी नीट कळायला हव्यात. हा वास कपड्यात इतका मुरतो कसा, आणि तो काढायचा कसा.

मुळात धुण्याच्या पावडरीला सुवास लागतोच कशाला? पहिलं कारण अगदी साधं आहे. डिटर्जंटचा कच्चा माल वासाला चांगला नसतो. मळ काढणारी रसायनं, धुण्याचा सोडा, एन्झाइम हे सगळं एकत्र आलं की त्याला तेलकट, खारट, साबणाच्या कारखान्यासारखा वास येतो. मळके कपडे कोमट पाण्यात भिजले की त्यांचाही घामट दर्प उठतो. हे दोन्ही वास झाकण्यापुरता थोडासा सुगंध घालण्याची पद्धत जुनी आहे.

दुसरं कारण मात्र माणसाच्या मनातलं आहे, आणि बाजार त्यावरच चालतो. कपडा खरोखर किती स्वच्छ झाला हे डोळ्यांना कळत नाही. डाग गेला की नाही एवढं दिसतं, पण धाग्यात उरलेला घाम, तेल किंवा जिवाणू दिसत नाहीत. मग निवाडा नाक करतं. याचा जुना दाखला १९३२ सालचा आहे. डोनाल्ड लेअर्ड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहरात २५० गृहिणींना रेशमी मोज्यांच्या चार जोड्या दाखवल्या. मोजे सगळे सारखेच होते. फरक एवढाच की एका जोडीला मोज्यांचा मूळ वास होता, आणि बाकीच्या तिघींना तीन वेगवेगळे हलके सुवास दिले होते. त्यातल्या नर्गिसच्या फुलाचा वास असलेली जोडी निम्म्या बायकांनी सर्वांत उत्तम ठरवली. मूळ वासाची जोडी शंभरातल्या आठ जणींनीच निवडली. कारण विचारल्यावर कुणी पोत चांगला म्हणालं, कुणी विणकाम, कुणी चमक, कुणी टिकाऊपणा. मोज्यांना वास आहे हे २५० पैकी फक्त सहा जणींच्या लक्षात आलं होतं.

आजची प्रत्येक डिटर्जंट कंपनी हा धडा पाठ करून बसलेली आहे. दोन पावडरींची मळ काढण्याची ताकद उन्नीस-बीस असली, तर पाकीट फोडल्याबरोबर जिचा वास मनात भरतो तीच पुन्हा विकत घेतली जाते. पाकिटाच्या झाकणापाशी, कपडे मशीनमधून काढताना, दोरीवर टाकताना, इस्त्री करताना आणि कपाट उघडताना असा पाच ठिकाणी वास यावा, अशा बेतानं सुगंध रचणारी माणसं या धंद्यात नोकरीला असतात.

त्यात एक अडचण नाकाचीच आहे. रोज त्याच वासात राहणाऱ्याला तो कळेनासा होतो. घरातल्या माणसाला वाटतं, आता पूर्वीसारखा वास येत नाही. मग टोपणभर द्रावणाचं दीड टोपण होतं, किंवा तो आणखी उग्र वासाची बाटली आणतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला मात्र दारातच तो वास जाणवतो.

आपल्याकडे याला पावसाळ्याची जोड मिळाली आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. घरात दोरीवर टांगलेल्या टॉवेलला कुबट वास सुटतो आणि तो झाकायला सुगंधी द्रावणाची बाटली घरात येते. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की धुतलेल्या कपड्यांच्या या कुबट वासामागे बऱ्याचदा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. धाग्यात उरलेल्या तेलकट अंशातून तो एक दुर्गंधी आम्ल तयार करतो. कपडा वाळला तरी तो सहज मरत नाही, उन्हालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणून वाळलेला टॉवेल ठीक वाटतो आणि अंग पुसताच, ओल लागल्यावर, पुन्हा तोच वास येतो. सुगंधानं या जिवाणूचं काहीच बिघडत नाही. वरचा वास उडाला की खालचा पुन्हा डोकावतो. त्याच्यावर उपाय म्हणजे उष्णता आणि ऑक्सिजन ब्लीच. गरम पाण्यात ऑक्सिजन ब्लीचची पूड विरघळवून सुती टॉवेल अर्धा-पाऊण तास भिजवायचे, मग नेहमीसारखे धुवायचे आणि लगेच पसरून पंख्याखाली वाळवायचे. लोकर आणि रेशीम यांना हे चालत नाही. कुबटपणा मुळातून गेला की सुवास घालायचं निम्मं निमित्त संपतं.

आता हा वास कपड्यावर बसतो कसा ते पाहू. एका धुण्याचा हिशेब मांडला तर लवकर कळेल. समजा मशीनमध्ये ५० ग्रॅम पावडर टाकली. साध्या पावडरीत सुगंधी द्रव्याचं प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असतं. तीन दशांश टक्के धरले तर ५० ग्रॅममध्ये दीडशे मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम पाच-सहा थेंब झाले. ते चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पसरतात, आणि नंतरच्या दोन खळबळण्यांत त्यांतले बहुतेक गटारात जातात. म्हणून नुसत्या पावडरीनं धुतलेल्या कपड्याचा वास हलका असतो आणि लवकर सरतो.

फॅब्रिक सॉफ्टनरचं तसं नाही. एक तर त्यात सुगंधाचं प्रमाण बहुधा जास्त असतं. दुसरं आणि महत्त्वाचं म्हणजे तो शेवटच्या पाण्यात टाकतात आणि त्यानंतर कपडा पुन्हा खळबळत नाहीत. त्याचं कामच कपड्यावर राहण्याचं आहे. सुती धाग्यावर पाण्यात किंचित ऋण भार येतो आणि सॉफ्टनरमधल्या मेणासारख्या लांब रेणूंना धन भार असतो. दोन्ही एकमेकांना ओढतात, धाग्यावर तेलकट थर बसतो. हाताला कपडा मऊ लागतो तो या थरामुळे. सुगंधी द्रव्यं बहुतेक तेलातच रमणारी असतात, त्यामुळे तीही या थराबरोबर धाग्याला चिकटून राहतात. टॉवेलवर सॉफ्टनर वर्षभर वापरला की तो पाणी नीट शोषत नाही, याचंही कारण हाच थर आहे. सुक्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. तो लगेच शोषला गेला तर ठीक. मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर धाग्यावर थर आहे असं समजावं. बिनवासाच्या धुण्याकडे वळणाऱ्या घराला ही चाचणी पुढे फार उपयोगी पडते.

काही द्रव्यं तर टिकण्यासाठीच निवडलेली असतात. त्यांत पहिला मान कृत्रिम कस्तुरीचा. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनज्ञ स्फोटकांवर काम करत होता. त्याच्या हाती एक पदार्थ लागला, ज्याचा स्फोट होण्याऐवजी कस्तुरीसारखा वास येत होता. त्याच घराण्यातली मस्क झायलीन नावाची स्वस्त कस्तुरी पुढे साबणात आणि धुण्याच्या पावडरीत सर्रास वापरली गेली. पाण्यात ती विरघळत नाही, हवेत उडत नाही, धाग्याला मात्र घट्ट धरते. कपड्यासाठी हे गुण चांगले, नदीसाठी वाईट. १९८१ मध्ये टोकियोजवळच्या तामा नदीतल्या माशांमध्ये ती सापडली. पुढे जर्मनीत आईच्या दुधातही तिचे अंश मिळाले. युरोपीय संघानं अखेर तिच्यावर बंदी आणली. आज धुण्याच्या मालात गॅलॅक्सोलाइडसारख्या दुसऱ्या कस्तुऱ्या वापरल्या जातात. त्याही धाग्यावर आठवडे-आठवडे राहतात, आणि त्याही सांडपाण्यातून नद्यांत पोहोचलेल्या आहेत.

दुसरी युक्ती सूक्ष्म गोळ्यांची. बँकेत किंवा दुकानात कार्बन न लावता खालच्या कागदावर नक्कल उमटणारी पावती सगळ्यांनी पाहिलेली असते. त्या कागदाच्या मागच्या बाजूला शाईचे बारीक कोश असतात, पेनचा दाब पडला की ते फुटतात. हे तंत्र अमेरिकेत १९५० च्या दशकात विकसित झालं. त्याच तंत्रानं आता सुगंधाचे थेंब प्लॅस्टिकच्या कवचात बंद करून सॉफ्टनरमध्ये घालतात. केसाच्या जाडीपेक्षाही लहान असे हे कोश कपड्याच्या धाग्यांत अडकून बसतात, पाण्यानं फुटत नाहीत, आणि कपडा अंगावर घासला गेला की एकेक करून फुटतात. सकाळी घातलेल्या सदऱ्याला संध्याकाळी अचानक ताजा वास येतो तो यामुळे. हे कवच म्हणजे सूक्ष्म प्लॅस्टिकच. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार न विघटणाऱ्या कवचातले असे सुगंध ऑक्टोबर २०२९ पर्यंत बाजारातून जायला हवेत.

मग धुण्याचा वास टिकतो तरी किती? सगळा वास एकाच गतीनं जात नाही. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास दोरीवर कपडा वाळेपर्यंतच बहुतेक उडून जातात. फुलांच्या जातीचे वास कपाटात दोन-चार दिवस रेंगाळतात. लाकडी आणि कस्तुरी जातीचे वास काही आठवडे राहतात, आणि बंद कपाटात त्याहूनही जास्त, कारण तिथे हवा खेळत नाही. म्हणूनच उन्हात आणि वाऱ्यावर वाळलेला कपडा तासाभरात हलका होतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली चादर सहा महिन्यांनी काढली तरी दरवळते. मशीनमध्ये टाकायच्या सुगंधी दाण्यांच्या काही पाकिटांवर बारा आठवडे वास टिकण्याचा दावा छापलेला असतो, आणि तो फार अतिशयोक्त नाही.

कापडाचाही फरक पडतो. सुती कपडा पाणी शोषतो आणि सोडतो, त्याबरोबर बराच वासही सोडतो. पॉलिस्टर तेलाला धरून ठेवतं. घामातली तेलं त्यात अडकतात म्हणून व्यायामाच्या टी-शर्टला लवकर दुर्गंध येतो, आणि सुगंधी तेलंही तितकीच घट्ट अडकतात. शाळेचा खेळाच्या तासाचा गणवेश बहुधा पॉलिस्टरचाच असतो. वासाचा त्रास असलेल्या मुलाच्या घरी सर्वांत जास्त झगडा याच एका कपड्याशी होतो.

आता त्रासाकडे येऊ. इथे थोडं काळजीपूर्वक बोलायला हवं, कारण एकाच डिटर्जंटनं दोन अगदी वेगळ्या तऱ्हेचे त्रास होतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिला त्रास त्वचेचा. सुगंधी द्रव्यं ही त्वचेच्या संपर्कजन्य ॲलर्जीची एक मोठी कारणं आहेत. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००७ चं वर्षाचं ॲलर्जीकारक म्हणून सुगंधाचीच निवड केली होती. लिमोनिन आणि लिनालूल ही संत्र्याच्या सालीत आणि लॅव्हेंडरमध्ये सापडणारी द्रव्यं ताजी असताना सौम्य असतात, पण हवेशी संयोग होऊन त्यांची जी रूपं बनतात ती ॲलर्जी आणतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलेलं आहे. त्यामुळे जुनी, अर्धी उघडी पडलेली बाटली नव्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरू शकते. नैसर्गिक तेल घातलेलं डिटर्जंट सुरक्षित असतं, हा समजही इथेच गळून पडतो.

पण धुतलेल्या कपड्यानं येणारी खरी ॲलर्जी लोक समजतात त्यापेक्षा बरीच कमी आढळते. अमेरिकेत सातशेहून अधिक रुग्णांची पाठीवर पट्ट्या लावून चाचणी झाली तेव्हा डिटर्जंटची ॲलर्जी शंभरातल्या एकालाही निघाली नाही. बहुतेकांना जे होतं ती जळजळ असते. पावडर जास्त पडली, पाणी कमी पडलं, अल्कली धाग्यात राहिली आणि मान, कंबर, काखा इथे घामाबरोबर ती कातडीवर उतरली, असा तो प्रकार. शेवटच्या पाण्यातून काढलेला कपडा वाटीत पिळून ते पाणी हलवावं. फेस आला तर साबण शिल्लक आहे. अशा घरात सुगंधापेक्षा आधी पावडरीचा चमचा लहान करायला हवा. ॲलर्जी आहे की जळजळ, हे कळायला त्वचारोगतज्ज्ञाकडची पॅच टेस्ट हाच मार्ग. पाठीवर लावलेल्या पट्ट्या दोन दिवसांनी काढतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी कातडी तपासतात. डिटर्जंट स्वतःच कातडीवर लावून घरी प्रयोग करणं मात्र चुकीचं आहे. त्यानं ॲलर्जी नसलेली कातडीही पोळते.

दुसरा त्रास श्वासाचा आणि डोक्याचा. उग्र वासानं दम्याचा झटका येणं, अर्धशिशी सुरू होणं, मळमळणं हे पॅच टेस्टमध्ये दिसत नाही, कारण ती त्वचेची चाचणी आहे. चाचणी निर्दोष आली म्हणून सासूबाईंनी सुनेला हे सगळं तुझ्या मनाचं आहे म्हणावं, असं होऊ नये. तिला कपडा अंगावर घालावाही लागत नाही; शेजारच्या दोरीवरून येणारी झुळूक पुरते. ॲन स्टाइनमान या संशोधिकेनं २०१६ च्या सुमारास अमेरिकेत केलेल्या पाहणीत साधारण तिसऱ्या हिश्शाच्या लोकांनी सुगंधी उत्पादनांमुळे काही ना काही त्रास होतो असं सांगितलं. ही लोकांनी स्वतः सांगितलेली माहिती आहे, डॉक्टरांनी तपासलेली नव्हे. तरी तिच्याकडे दुर्लक्ष करता येईल इतकी ती छोटी नाही.

बिनवासाचं डिटर्जंट विकत घ्यायला गेलं की पहिला खड्डा लेबलचा लागतो. अनसेंटेड आणि फ्रॅग्रन्स फ्री हे शब्द एकच समजू नयेत. अनसेंटेड म्हणजे नाकाला वास कळत नाही. कच्च्या मालाचा वास मारायला त्यात दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. फ्रॅग्रन्स फ्री म्हणजे सुगंधी द्रव्य घातलेलंच नाही. म्हणून पुढच्या बाजूचा मोठा शब्द वाचून न थांबता मागची यादी वाचावी. तिथे परफ्यूम, फ्रॅग्रन्स, अरोमा किंवा कुठलंही सुवासिक तेल लिहिलेलं असेल तर ते पाकीट परत ठेवावं. युरोपात २००५ पासून डिटर्जंटवर २६ ॲलर्जीकारक सुगंधांची नावं, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असली तर, छापावी लागतात. आपल्याकडच्या पाकिटांवर अशी नावनिशीवार यादी सहसा नसते. जिथे यादीच नाही तिथे पाकिटावरच्या बाळाच्या चित्रावर विश्वास ठेवू नये. बाळांसाठी म्हणून विकली जाणारी कितीतरी धुण्याची द्रावणं चांगलीच सुवासिक असतात.

पूर्ण यादी छापणारी फ्रॅग्रन्स फ्री द्रावणं भारतात आता काही लहान कंपन्या विकतात, बहुधा ऑनलाइन. ती महाग पडत असतील तर सगळ्या घराचे नाही तरी त्रास असलेल्या माणसाचे कपडे, चादर, उशीचे अभ्रे आणि टॉवेल तरी त्यात धुवावेत. रिठ्याचं पाणी हाही जुना आणि खरा पर्याय आहे. रिठ्याच्या टरफलातलं सॅपोनिन फेस करतं आणि हलका मळ काढतं. रेशमी, लोकरीच्या आणि बाळाच्या कपड्यांना ते चांगलं. तेलकट कॉलर किंवा मुलांच्या पँटवरची माती त्यानं निघत नाही, पांढऱ्या कपड्यांवर कधी पिवळसर छटा येते, आणि डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. सुती, मळक्या कपड्यांसाठी धुण्याचा सोडा मदतीला घ्यावा. त्याला वास नसतो. रेशीम-लोकरीला तो लावू नये, आणि हाताला मोजे घालावेत.

मग कपडे मऊ कसे राहणार, हा प्रश्न मराठवाडा-विदर्भातल्या बोअरच्या पाण्यावर कपडे धुणाऱ्यांना हमखास पडतो. तिथे कपडा कडक होतो तो जड पाण्यातल्या क्षारांमुळे आणि उरलेल्या साबणामुळे. शेवटच्या बादलीत चमचाभर लिंबूसत्त्व किंवा अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर टाकला की अल्कली मरते, कपडा मोकळा होतो. व्हिनेगरचा वास कपडा वाळला की जातो. ब्लीचिंग पावडरीच्या किंवा क्लोरिनवाल्या ब्लीचच्या पाण्यात मात्र व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो. वाळलेला टॉवेल दोन-चारदा जोरात झटकला तरी तो पुष्कळ मऊ होतो.

नवं डिटर्जंट आणलं तरी पहिले काही आठवडे निराशा होते, आणि बरीच घरं तिथेच हार मानतात. बाटली बदलली तरी जुना वास मशीनमध्ये, कपाटात आणि कपड्यांत बसलेलाच असतो. समजा चार माणसांचं घर आहे, लहान मुलाला इसब आहे, वरून झाकणाचं मशीन आहे. पहिलं काम म्हणजे सॉफ्टनर आणि सुगंधी दाणे बंद. दुसरं, सॉफ्टनरचा कप्पा बाहेर काढून गरम पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं घासायचा. त्याच्या तळाशी बुळबुळीत, गुलाबी-निळसर थर जमलेला हमखास सापडतो, आणि तो दर धुण्याला थोडा थोडा सुटत असतो. मग मशीन रिकामं ठेवून, पाणी तापवायची सोय नसेल तर गिझरचं गरम पाणी बादल्यांनी ओतून, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून एक फेरी चालवायची.

तिसरं, सगळं कपाट एकदम काढायचं नाही. मुलाच्या अंगाला रात्रभर लागून राहणारी चादर, अभ्रा, पांघरूण आणि आतले कपडे आधी घ्यायचे. सुती कपडे गरम पाण्याच्या बादलीत दोन मोठे चमचे सोडा घालून रात्रभर भिजवायचे, सकाळी फ्रॅग्रन्स फ्री द्रावणानं धुवायचे, एकदा जास्त खळबळायचे आणि बाहेर उन्हात, वाऱ्यावर वाळवायचे. एका वेळी वास जाणार नाही. दोन-तीन खेपा लागतात. पॉलिस्टरचं पांघरूण त्याहून जास्त हट्ट करतं, आणि काही वेळा ते सोडून सुती गोधडी काढणंच शहाणपणाचं ठरतं. धुतलेले कपडे जुन्या सुवासिक कपड्यांच्या घडीत ठेवले तर चार दिवसांत तोच वास पुन्हा उचलतात, तेव्हा त्यांना वेगळा कप्पा द्यायचा.

वास गेला की नाही, हे सवयीच्या नाकाला कळत नाही. त्यासाठी वाळलेल्या कपड्याचा एक कोपरा कोमट पाण्यानं ओला करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात अर्धा तास ठेवावा. तेवढ्या वेळात आपण बाहेर मोकळ्या हवेत फिरून यावं, आणि आल्याबरोबर झाकण उघडून हुंगावं. बंद जागेत साठलेला वास लगेच लक्षात येतो. सॉफ्टनरच्या थरासाठी टॉवेलवरच्या थेंबाची चाचणी आहेच. या दोन्ही चाचण्या पार पडल्यावर मुलाच्या कातडीकडे तीन-चार आठवडे लक्ष ठेवावं. तरीही खाज तशीच राहिली तर कारण कपड्यांत नसून दुसरीकडे आहे, असं धरून डॉक्टरांकडे जावं. इसबाचं औषध बंद करून नुसतं डिटर्जंट बदलणं ही चूक करू नये.

घराबाहेरच्या दोन जागा बहुतेक विसरल्या जातात. एक, इस्त्रीवाला किंवा लाँड्री. तिथे कपड्यांवर सुगंधी पाणी मारण्याची पद्धत असते. नको म्हणून स्पष्ट सांगावं लागतं, आणि दर खेपेला सांगावं लागतं. दुसरी जागा म्हणजे बारशाला आलेले आणि मोठ्या भावंडांचे जपून ठेवलेले कपडे. ते बाळाच्या अंगावर जाण्याआधी एकदा भिजवून धुवायला हवेत.

एवढं सगळं एकदम जमणार नसेल, तर फक्त सॉफ्टनरची बाटली आणायची थांबवावी. धुण्यातला टिकणारा वास मुख्यतः तिच्यातूनच येतो, तिच्यामुळे कपडा जास्त स्वच्छ होत नाही, आणि तिच्या पैशांत फ्रॅग्रन्स फ्री द्रावणाचा बराचसा खर्च निघतो.